पट्टीकाकांची दुहेरी रेघ

आधीच सांगते, माझं तोंड फाटकं आहे. कॅन्सरच्या इस्पितळातल्या लॅबमध्ये अठरा वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळतेय, आणि एवढ्या वर्षांत माझ्याशी न भांडता राहिलेले मोजून चार-पाच जण असतील. त्यांतले एक पट्टीकाका. म्हणून त्यांच्याबद्दल मीच सांगायला हवं. दुसरं कुणी सांगायला बसलं तर त्यांना एकतर देव करून ठेवेल नाहीतर गुन्हेगार, आणि ते दोन्ही नव्हते.

पट्टीकाका हे नाव आम्हीच पाडलेलं. शर्टाच्या खिशात पेन असतं तशी त्यांच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी असायची. वाकले की ती टेबलावर खण्णकन पडायची, आणि ते "आलो, आलो" म्हणत उचलायचे, जसं काही तिने हाक मारली. ऑपरेशन झालेले, केमो संपलेले, चालू असलेले, सगळे पेशंट परत परत तपासणीला येतात ना, त्यांच्या फायलींची खोली काकांच्या ताब्यात होती. खोली कसली, ओपीडीच्या मागचा बोळ. एक खिडकी, एक टेबल, तीन भिंतींना छतापर्यंत फायली. काका हुद्द्याने साधे कारकून. पण मोठ्या डॉक्टर मॅडम सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी विचारायच्या, "तक्ते आले का?"

तक्ता म्हणजे काय ते सांगते. काही कॅन्सरमध्ये रक्तात एक पदार्थ वाढतो, त्याला आम्ही मार्कर म्हणतो. गाठ वाढली की सहसा तो वाढतो, उपचार लागू पडला की सहसा उतरतो. 'सहसा' म्हणतेय, नेहमी नाही. नुसता एक आकडा घेऊन काही कळत नाही. आधीचा किती होता, मग काय केलं, त्यानंतर किती झाला, हे ओळीने मांडलं तरच त्याला अर्थ. कॉम्प्युटर होता हो आमच्याकडे, पण तो एकेका तपासणीचा एकेक कागद ओकायचा. चार वर्षांचे कागद चाळता चाळता मॅडमची दुपार व्हायची. काकांनी आपल्या डोक्याने एक जाड कागद आखला. पहिल्या रकान्यात रक्त कधी काढलं ती तारीख. रिपोर्टची नाही हं, रक्त काढल्याची. केमोच्या आदल्या दिवशी काढलेल्या रक्ताचा रिपोर्ट केमोनंतर आला, आणि तीच तारीख कुणी लिहिली, की आकडा औषधाच्या भलत्या बाजूला जाऊन बसतो. दुसऱ्या रकान्यात आकडा. तिसऱ्यात लॅब कुठली आणि यंत्र कुठलं. चौथ्यात त्या दिवसांत पेशंटचं काय काय झालं: ऑपरेशन, केमोचा कितवा डोस, औषध बदललं, ताप आला, कावीळ झाली.

हा तक्ता किती कामाचा, त्याची एकच गोष्ट सांगते. एका सुताराचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, नंतर लिव्हरमध्ये डाग निघाले म्हणून केमो सुरू केली, आणि मार्कर उतरायचा तर वर गेला. घरच्यांनी रडारड केली, औषध बंद करा म्हणून हटून बसले. काकांनी तक्ता पुढे सरकवला. पहिल्या डोसला जेमतेम तीन आठवडे झाले होते. औषधाने पेशी फुटायला लागल्या की सुरुवातीला आकडा कधी कधी असा उसळतो. मॅडम म्हणाल्या, थांबू या. दीड महिन्याने तो निम्म्यावर आला. सुताराने काकांना लाकडी पेनस्टँड करून दिला. काकांनी त्यात पेन कधी ठेवलं नाही, जादाच्या पट्ट्या ठेवल्या.

तिसऱ्या रकान्यावरून मी त्यांची फार टर उडवायची. सगळ्यांची तपासणी आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच यंत्रावर, मग प्रत्येक ओळीत लॅबचं अख्खं नाव कशाला? खाली दोन टिंबं दिली की झालं, वरीलप्रमाणे.

"ज्याला लिहायचा कंटाळा, त्याने तक्ता करू नये, ताई," ते म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण मला ताईच म्हणायचे.

आणि मग आमचं जुनं यंत्र मोडीत काढायचं ठरलं, नवं आलं, तेव्हा माझी चांगलीच जिरली. मार्करचं असं असतं, एकाच बाटलीतलं रक्त दोन कंपन्यांच्या यंत्रांवर लावा, दोन आकडे येतात. थोडाथोडका फरक नाही, कधी कधी दुप्पट-तिप्पट. दोन्ही यंत्रं बरोबर, दोघांची मोजायची रीत वेगळी. काका चहाचा कप घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जुनं यंत्र तीन महिने चालू ठेवा. जो जुना पेशंट येईल त्याचं रक्त दोन्हीवर लावा." मी कपाळावर हात मारून घेतला. दुप्पट काम! पण केलं. काकांनी प्रत्येक तक्त्यात यंत्र बदललं तिथे पट्टी ठेवून लाल शाईने दोन रेघा ओढल्या, एकाखाली एक, आणि बाजूला लिहिलं, 'यंत्र बदलले. वरच्याशी तुलना करू नये.' मग रेघेखाली नव्या यंत्राचा पहिला आकडा. चारशेच्या वर तक्ते होते. बोटं लाल झाली होती त्यांची. त्या दुहेरी रेघा बघितल्या की मॅडम पण मान हलवून खालून वाचायला लागायच्या.

हे एवढं सविस्तर का सांगितलं, तर पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं कुणी म्हणू नये म्हणून.

काकू कधीमधी डबा द्यायला यायच्या. काका जेवढे गप्प, तेवढ्या त्या बोलक्या. शिवणाचे वर्ग घ्यायच्या. आल्या की पहिल्यांदा माझ्या एप्रनची बाही ओढून बघायच्या, "कुणी शिवलंय हे? त्याला उभा करा माझ्यासमोर." नवऱ्याच्या पट्टीवरून तर त्यांची चेष्टा संपायचीच नाही. "पोळी गोल झाली नाही तर हे पट्टी लावून बघतात," म्हणायच्या. काका खाली मान घालून हसायचे. एकच लेक, लग्न होऊन दूरच्या शहरात, दीड दिवसाचा प्रवास.

एका वर्षी काकू डबा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे पिवळे. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ निघाली.

काकांनी त्यांचा तक्ता स्वतः उघडला. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे द्या. तर म्हणे, "दुसरं कोण नीट करेल?" खरंच होतं ते. पहिला आकडा सहाशे चाळीस. समोर लिहिलं, 'कावीळ आहे.' कारण पित्त तुंबलं की हा मार्कर उगाचच फुगतो. नळी घातली, पित्त मोकळं झालं, तीनशे दहा. मग ऑपरेशन, नऊ तासांचं. दीड महिन्याने अठ्ठावीस. सदतीसच्या आत म्हणजे ठीक. त्या दिवशी काकांनी सगळ्या लॅबला चहा पाजला. सहा महिने केमो झाली, आकडा विशीत राहिला. मग नुसता फॉलोअप, दर तीन महिन्यांनी. एकवीस. तेहतीस. एकाहत्तर.

एकाहत्तर मीच काढला. यंत्रावर आकडा दिसला आणि मी नळी परत लावली. परत एकाहत्तर. रिपोर्ट वर पाठवायच्या आधी काका दारात हजर. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. खिशातली पट्टी काढली, परत ठेवली. महिन्याने एकशे अठरा, आणि स्कॅनमध्ये लिव्हरवर बारीक बारीक ठिपके.

मॅडमनी काकूंना समोर बसवून सांगितलं. बरं होणं आता नाही, पण औषधाने काही काळ रोखून धरता येईल, लागू पडलं तर. काकूंनी सरळ विचारलं, "आणि नाही पडलं तर?"

"तर दुसरं औषध आहे, पण त्याचा भरवसा कमी."

"मग माझं ऐका. लेक गरोदर आहे. औषध लागू पडत असेल तर मी इथे सुया टोचून घेईन, महिने वाढतील तेवढे वाढू देत. पण लागू पडत नसेल तर त्याच दिवशी सांगायचं. मी उठून तिच्याकडे जाणार. बाळंतपण मी करणार तिचं. धड पायांनी चालत जायचंय मला, उचलून न्यायला लावायचं नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुमच्या कागदावर दिसेल ना ते?"

"दिसेल," काका म्हणाले.

केमोच्या आधीचा आकडा एकशे चौसष्ट. दर पंधरा दिवसांनी डोस. तीन डोसांनंतर एकशे एकाहत्तर. वर म्हणता येईना, खाली म्हणता येईना. काकूंची बोटं बधिर व्हायला लागली. सुई धरता येईना, दोरा ओवता येईना. शिवणाऱ्या बाईचं काय राहतं मग? उलट्या होत्याच. पाच डोस झाले, स्कॅन झाला, आणि गुरुवारी मॅडमची भेट होती. त्याच आठवड्यात आमच्याकडे या मार्करच्या तपासणीचं किट संपलं. वरून माल यायला उशीर.

मी काकांना बोळात गाठून सांगितलं, "पुढचा सोमवार उजाडेल काका. भेट पुढे ढकला."

"बघतो," म्हणाले.

नंतर मी कामात गुंतले. शुक्रवारी काका दिसले ते चक्क गुणगुणत होते. म्हणाले, मॅडमनी हेच औषध चालू ठेवायचं ठरवलं, आणखी चार डोस. स्कॅनमध्ये ठिपके साधारण तेवढेच, एक नवा असावा पण खात्री नाही. मार्कर मात्र उतरलाय. मला बरं वाटलं. आकडा आला कुठून हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी चूक तेवढी. ती मी कबूल करते.

दोन महिने गेले. मधल्या काळात लेक बाळंत झाली, मुलगी झाली. काकूंना फोनवर दाखवली. त्या केमोच्या खुर्चीवर होत्या, हाताला सुई, दुसऱ्या हातात फोन धरता येईना म्हणून सिस्टरने धरला. "माझ्यासारखं नाक आहे," म्हणाल्या, "बिचारी." सगळा वॉर्ड हसला. आणखी दोन डोस राहिलेत, आकडा उतरतोय, मग जाईन म्हणाल्या. पाय तोवर इतके बधिर झाले होते की चप्पल पायात आहे की गळून पडली, ते खाली बघून ठरवायच्या.

नऊ डोसांनंतरचं रक्त माझ्याकडे आलं. चारशे बारा.

मी पुन्हा लावलं. चारशे नऊ. काका दारात होतेच. पांढरेफटक पडले. "पित्त तुंबलं असेल," घाईघाईने म्हणाले, "काविळीची तपासणी लावा ताई, नळीच्या जागी अडकलं असेल, त्याने फुगतो, तुम्हाला माहीत आहे." मी लावली. पित्त अगदी ठीक. मी त्यांना तो कागद दाखवला, तर त्यांनी तो उलटा करून मागची कोरी बाजू बघितली.

आकडा एवढी उसळी मारून कसा गेला म्हणून मी काकूंचा तक्ता मागवला. एकशे चौसष्ट, एकशे एकाहत्तर, शहाण्णव, चारशे बारा. शहाण्णवची तारीख बघितली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या आठवड्यात माझ्याकडे किट कुठे होतं? मी तिसरा रकाना बघितला. वरपासून प्रत्येक ओळीत आमच्या लॅबचं अख्खं नाव, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. आणि शहाण्णवच्या ओळीत दोन टिंबं. वरीलप्रमाणे.

आयुष्यात या माणसाने टिंबं दिली नव्हती.

मी तक्ता घेतला आणि बोळात गेले. दार लावलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही, बरंच बोलले. "कोपऱ्यावरच्या त्या खासगी लॅबमध्ये केलंत ना? त्यांचं यंत्र वेगळ्या कंपनीचं आहे, तुम्हाला ठाऊक नाही? चारशे तक्त्यांत लाल रेघा मारल्यात, मला दुप्पट राबवलंत, आणि स्वतःच्या बायकोच्या तक्त्यात टिंबं? आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं, असंच ना?"

ते खुर्चीत बसून होते. पट्टी दोन्ही हातांत धरलेली.

"रिपोर्ट आहे फायलीत," म्हणाले. "लपवला नाही. मागे लावलाय."

"मागे! मॅडम मागचं कधी बघतात? तुमचा तक्ता असताना?"

"नाही बघत."

"माहीत होतं तुम्हाला?"

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "घरी करत होतो तक्ता. पट्टी ठेवली होती कागदावर, ताई. लाल पेन उघडलं होतं. ती आतून म्हणाली, किती आला हो? मी म्हटलं, शहाण्णव. तर भिंतीला धरत धरत बाहेर आली. म्हणाली, बघू. आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, उतरला की हो. आणि म्हणाली, मला भूक लागलीय. आठ दिवसांनी म्हणाली ती, भूक लागलीय. मी उठून जेवण गरम केलं. परत येऊन बसलो तेव्हा पेनचं टोक वाळलं होतं. म्हटलं, असेलही उतरला. दुसऱ्या यंत्रावर कमीच येतो हे खरं, पण उतरलाही असेल की. कुणाला माहीत? आपल्याकडे सोमवारी करून बघू. मग सोमवारी डोस होता. मग राहिलं."

"राहिलं?"

"राहू दिलं," म्हणाले.

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "उद्या काकूंना आणा. दोन नळ्या घेते. एक मी लावते, एक कोपऱ्यावरच्या लॅबला पाठवते. मग मॅडमना तुम्ही सांगायचं. नाहीतर मी सांगेन."

"मीच सांगेन," म्हणाले.

एकाच वेळी, एकाच हातातून काढलेलं रक्त. आमच्याकडे चारशे अठरा. त्यांच्याकडे एकशे नव्वद. म्हणजे ते शहाण्णव आमच्या यंत्रावर किती आलं असतं ते छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, तसा ठरलेला हिशेब नसतो. पण एकशे एकाहत्तरच्या खाली आलं नसतं, एवढं माझ्यासारख्या बाईलाही कळतं. आकडा उतरलाच नव्हता. पहिल्यापासून चढत होता.

मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं. काकू चाकाच्या खुर्चीत. काकांनी तक्ता टेबलावर ठेवला, टिंबं खोडली, त्यावर कोपऱ्यावरच्या लॅबचं अख्खं नाव लिहिलं. मग पट्टी ठेवली आणि शहाण्णवच्या वर दोन लाल रेघा ओढल्या. खाली आणखी दोन. पट्टी असूनही रेघ वाकडी आली. मग त्यांनी बायकोकडे बघून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. भूक लागली तो भाग सोडून.

मॅडमनी फाईल उलटून मागचा रिपोर्ट काढला. "रिपोर्ट मी उघडायला हवा होता," म्हणाल्या. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे चार डोस फुकट," काकू म्हणाल्या.

"हो."

"दोन महिने."

"हो."

"तेव्हा माझे पाय होते." काकूंचा आवाज चढला नाही, मला तो चढलेला परवडला असता. "बाळ व्हायच्या आधी पोचले असते मी. अहो, त्या सुताराच्या तक्त्यात केलं असतंत का असं?"

"नाही."

"कुणाच्याच नसतं केलं. अख्ख्या जगाला खरं सांगायचं आणि मला तेवढं खोटं. मीच का हो?"

मॅडमनी दुसऱ्या औषधाचं सांगितलं, काकूंनी हातानेच नको म्हटलं. खुर्ची ढकलायला काका पुढे झाले तर म्हणाल्या, "तुम्ही नको. ताई, तू ने मला." मी नेलं. बाहेर लिफ्टपाशी त्यांनी माझ्या एप्रनची बाही धरली, शिवण चाचपून बघायचा प्रयत्न केला. बोटांना काही कळेना. तेव्हा रडल्या.

दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "तिकिटं काढा. आणि तो कागद द्या माझ्याकडे. यापुढे माझा तक्ता मी लिहिणार."

गेल्या. झोपून प्रवास केला. काका बरोबर होतेच, जाणार कुठे. लेकीच्या घरी चोवीस दिवस मिळाले. पंचविसाव्या दिवशी पहाटे त्या गेल्या. ज्या बाईने बाळंतपण करायचं म्हटलं होतं, तिचंच सगळं लेकीला करावं लागलं, ओल्या बाळंतिणीला. हे मला अजून सहन होत नाही. कुणी मला समजवायला येऊ नये, की चोवीस दिवस तरी मिळाले.

काका महिन्याने कामावर आले. खिशात पट्टी नव्हती. मी चहा पुढे केला. आमच्याकडे पेशंट गेला की तक्ता बंद करतात, शेवटच्या ओळीत तारीख लिहून. ते काम काकांचंच. त्यांनी पिशवीतून तो कागद काढला आणि म्हणाले, "हा तेवढा तुम्ही बंद करा ताई. माझ्याने होत नाही."

मी उलगडला. चारशे अठराच्या खाली अक्षर बदललं होतं. मोठं, तिरकं, ओळीबाहेर गेलेलं, बधिर बोटांनी धरलेल्या पेनचं. तारीख होती. आकड्याच्या रकान्यात लिहिलं होतं तीन किलो चारशे पन्नास. मला आधी कळेना. मग तिसरा रकाना वाचला: 'बाळाच्या डॉक्टरांचा दवाखाना, टेबलावरचा काटा.' चौथ्यात: 'आजी आली. नातीने बोट धरलं. मला कळलं नाही, लेकीने सांगितलं.'

पुढच्या ओळीत तीन किलो सहाशे. पुन्हा दवाखान्याचं अख्खं नाव, काट्यासकट. समोर: 'तिला दूध पचलं. मला पाणी.' मग त्यांना घराबाहेर पडवेना झालं असणार, कारण नंतरच्या ओळीत होतं, 'लेकीचं घर, शेजारणीचा काटा.' आणि आकडा तीन किलो चारशे ऐंशी. त्याच्या खाली तीन किलो सहाशे वीस, पुन्हा लेकीचं घर, शेजारणीचा काटा, अख्खं लिहिलेलं. टिंबं कुठेच नाहीत.

काकांनी टेबलावरून हात पुढे केला आणि दवाखान्याच्या ओळी संपून घरच्या सुरू होतात तिथे बोट ठेवलं. तिथे दोन रेघा होत्या. लाल शाई घरात नसावी, निळ्याच होत्या, आणि पट्टीशिवाय ओढलेल्या, दोन्ही वेड्यावाकड्या. बाजूला लिहिलं होतं:

'काटा बदलला. वरच्याशी तुलना करू नये. नाहीतर वाटेल पोर वाळलं.'

"मी कधी शिकवलं नव्हतं तिला," काका म्हणाले. "जिथे मारायला हवी, तिथेच मारलीय बघा."